पान कोणते आणि पुस्तक कोणत्या भाषेतले?

माणगाव परिषदेच्या स्मृतिदिनाच्या आधी आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने आपला निबंध वाचून दाखवला. विषय होता २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला भरलेली बहिष्कृत वर्गाची परिषद. निबंध चांगला होता, भाषेत जोर होता. राजर्षी शाहू महाराजांचे एक वाक्य त्याने अवतरणचिन्हांत वाचले आणि टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "दादा, महाराज नेमका कोणता शब्द बोलले? माझ्याकडच्या पुस्तिकेत 'कैवारी' आहे, तुझ्याकडे 'तारणहार' आहे, आणि मागच्या वर्षीच्या पत्रकात 'नेता' होता."

त्याने वही चाळली. तळटीप होती, पण तिच्यात एवढेच होते : 'कीर, शाहू चरित्र'. धनंजय कीरांनी शाहू महाराजांवर इंग्रजीतही लिहिले आहे आणि मराठीतही. यातले कोणते पुस्तक, कोणती आवृत्ती, कोणते पान? त्याला सांगता येईना. शेवटी उलगडा झाला तो असा : महाराज माणगावात मराठीत बोलले. कीरांनी इंग्रजी चरित्रात त्या भाषणाचा आशय इंग्रजीत दिला. आमच्या मित्राने त्या इंग्रजीचे स्वतः मराठी केले आणि ते महाराजांचे शब्द म्हणून अवतरणात घातले. त्याच्या आधी दोघांनी हेच केले होते, म्हणून तीन पत्रकांत तीन शब्द. तिघांचाही हेतू चांगला होता, पण अवतरणातले शब्द मात्र तिघांचे स्वतःचे होते.

हा लेख त्या निबंधाच्या निमित्ताने आहे. मराठीत संदर्भ देऊन लिहिताना मराठी आणि इंग्रजी पुस्तकांचा उल्लेख एकाच नियमाने कसा करायचा, एवढाच त्याचा विषय.

आधी आमचा आक्षेप सांगतो. आपल्या लोकांचे लेख काढून पाहा. इंग्रजी पुस्तकाचा संदर्भ असेल तर लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, पान असे सगळे व्यवस्थित दिलेले असते. तोच लेखक मराठी पुस्तकाकडे वळला की 'खैरमोडे लिहितात', 'मूकनायकमध्ये म्हटले आहे', 'एका जुन्या ग्रंथात नमूद आहे' यावर भागवतो. इंग्रजी पुस्तक म्हणजे पुरावा आणि मराठी पुस्तक म्हणजे घरचीच गोष्ट, असा भेद आपण नकळत करतो. आम्हीही केला. समाजशास्त्रात एम.ए. करताना आमच्या लघुप्रबंधात इंग्रजी संदर्भ पानासकट होते आणि मराठी संदर्भ नुसत्या नावांवर उभे होते. परीक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली तेव्हा राग आला होता. आज वाटते, रेघ बरोबर होती.

कारण आपल्या चळवळीचा मूळ दस्तऐवज कुठे आहे? 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाले ते मराठीत. 'बहिष्कृत भारत' मराठीत. चांगदेव खैरमोड्यांनी खंडामागून खंड लिहिलेले चरित्र मराठीत. माणगावची भाषणे मराठीत. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मात्र मुळात इंग्रजीत, आणि महाराजांचा बराच पत्रव्यवहारही इंग्रजीत. म्हणजे कुठे मराठी हे मूळ आणि इंग्रजी हे भाषांतर आहे, तर कुठे नेमके उलट. एका भाषेला वरच्या पंगतीत आणि दुसरीला खालच्या पंगतीत बसवले, की मूळ कोणते आणि छाया कोणती हेच कळेनासे होते. माणगावच्या वाक्याचे तेच झाले.

म्हणून पहिला नियम : जे पुस्तक प्रत्यक्ष हातात होते त्याचाच संदर्भ द्यायचा, आणि त्याची भाषा सांगायची.

हा नियम आमच्या मित्राच्या निबंधाला लावून पाहू. त्याने वाचले होते कीरांचे इंग्रजी चरित्र. तेव्हा त्याच्यापुढे प्रामाणिक मार्ग दोन होते. पहिला, अवतरणचिन्हे काढायची, महाराजांच्या म्हणण्याचा आशय आपल्या शब्दांत द्यायचा आणि पुढे इंग्रजी पुस्तकाचे पान लिहायचे. दुसरा, शब्दच हवे असतील तर मूळ मराठीपर्यंत जायचे. कोल्हापुरात राहून हे अवघड नाही. करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठात बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, जयसिंगराव पवारांनी संपादित केलेला 'राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ' आहे. बाबासाहेबांच्या मराठी भाषणांसाठी महाराष्ट्र शासनाच्या 'लेखन आणि भाषणे' मालिकेचा अठरावा खंड तीन भागांत आहे. मराठी वृत्तांत मिळाला की त्यातले वाक्य ऱ्हस्व-दीर्घासह जसेच्या तसे उतरवायचे आणि ज्या ग्रंथातून घेतले त्याचे पान द्यायचे. 'मूकनायक'चा अंक स्वतः पाहिला नसेल आणि त्यातला मजकूर दुसऱ्या ग्रंथात वाचला असेल, तर तसेच लिहायचे : 'मूकनायक', अंकाची तारीख, मग 'उद्धृत' हा शब्द, आणि पुढे आपण वाचलेल्या ग्रंथाचे नाव व पान. उद्धृत म्हणण्यात कमीपणा कसला? न पाहिलेला अंक पाहिला असे भासवण्यात मात्र आहे.

उलट दिशेचे उदाहरण 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'चे. मराठी निबंधात यातले वाक्य द्यायचे तर ते भाषांतरच असणार. मग ते कोणाचे? छापील मराठी भाषांतरातून घेतले असेल तर लेखक म्हणून बाबासाहेब, त्यानंतर 'अनु.' लिहून अनुवादकाचे नाव, आणि पान त्या मराठी पुस्तकाचे. इंग्रजीवरून आपणच मराठी केले असेल तर इंग्रजी पुस्तकाचे पान आणि त्याच्यापुढे 'भाषांतर आमचे' हे दोन शब्द. सगळ्यात वाईट खिचडी म्हणजे वाक्य मराठी अनुवादातले आणि पान इंग्रजी खंडाचे. ते पान उघडणाऱ्याला ते वाक्य तिथे सापडत नाही, आणि तो म्हणतो, "हे आंबेडकर बोललेच नाहीत." वाक्य खरे असूनही आपण खोटे ठरतो.

या पुस्तकाच्या बाबतीत एक सोय आहे. त्याचे २६ क्रमांकित भाग आहेत. आवृत्ती बदलली की पान बदलते, भाग बदलत नाही. म्हणून पानासोबत भागाचा क्रमांक दिला, तर शासनाचा खंड असलेल्यालाही सापडेल आणि सुटी पुस्तिका असलेल्यालाही.

दुसरा नियम सालाचा आणि खंडाचा. इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या पकडताही येतात.

'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली आले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, पण न झालेले ते भाषण. गांधींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली ती पुस्तक निघाल्यानंतर. ती टीका आणि तिला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडले गेले. 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आला. तो निबंध स्वतः १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला आणि १९१७ साली 'इंडियन अँटिक्वरी'त छापलेला. आता कोणी गांधींना दिलेल्या उत्तरातले वाक्य घेऊन पुढे कंसात 'आंबेडकर १९३६' लिहिले, तर जाणकाराला लगेच कळते की या माणसाने पुस्तक उघडलेले नाही. १९३६ च्या आवृत्तीत ते उत्तर असूच शकत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात शासनाचा पहिला इंग्रजी खंड असतो. वसंत मून यांनी संपादित केलेला तो खंड १९७९ साली निघाला. मग साल कोणते लिहायचे? दोन्ही लिहायची : आधी लेखनाचे मूळ साल, मग तिरकी रेघ, मग हातातल्या खंडाचे साल. म्हणजे 'आंबेडकर १९३७/१९७९'. पहिल्या आकड्यावरून विचार कधीचा ते कळते, दुसऱ्यावरून पान कुठल्या पुस्तकाचे ते कळते. नुसते १९७९ लिहिले तर नवख्या वाचकाला बाबासाहेब १९७९ साली लिहीत होते असे वाटेल. नुसते १९३७ लिहिले तर पान लागणार नाही.

खंडाच्या क्रमांकाची गफलत याहून मोठी आहे. 'खंड ७' असे नुसते लिहिलेले आपण नेहमी पाहतो. शासनाच्या इंग्रजी मालिकेत सातव्या खंडात शूद्र पूर्वी कोण होते आणि अस्पृश्य मूळचे कोण यांवरचे दोन ग्रंथ आहेत. दिल्लीहून निघालेल्या हिंदी 'संपूर्ण वाङ्मया'त सातव्या खंडात 'क्रांती आणि प्रतिक्रांती' व 'बुद्ध की कार्ल मार्क्स' आहे, जे इंग्रजी मालिकेत तिसऱ्या खंडात येते. हिंदी पानावरून वाक्य उचलले, मराठी केले आणि 'खंड ७' तसेच ठेवले, की वाचक इंग्रजी सातवा खंड उघडून बसतो आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. तेव्हा खंडाच्या आकड्याआधी मालिकेचे नाव आणि भाषा आलीच पाहिजे.

जुन्या मराठी पुस्तकांत आणखी एक खोच असते. मुखपृष्ठावर इसवी सन नसतो, शके असते. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांपुरते ७९. यादीत एका पुस्तकाला शके आणि दुसऱ्याला इसवी सन असे ठेवू नये. सगळीकडे इसवी सन, आणि पुस्तकावर शकच असेल तर तो कंसात.

तिसरा नियम नावांचा. इथे आपल्या माणसांची भावना गुंतलेली असते, म्हणून थोडे सविस्तर बोलतो.

आमच्या मित्राच्या संदर्भसूचीत बाबासाहेब तीन ठिकाणी होते. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हे ड खाली, इंग्रजी पुस्तकावरून घेतलेले 'बी. आर. आंबेडकर' हे ब खाली आणि 'आंबेडकर, भी. रा.' हे आ खाली. अनोळखी वाचकाला ही तीन माणसे वाटली असती. आम्ही सुचवले की सूचीत सगळीकडे 'आंबेडकर, भी. रा.' ठेव. त्याला ते खटकले. "नुसते आंबेडकर कसे लिहू? आपला विरोधक लिहितो तसे?" त्याचे खटकणे आम्हाला समजते. लेखाच्या मजकुरात 'बाबासाहेब' म्हणा, 'महाराज' म्हणा, तो आपला हक्क आहे. पण सूची हा पत्ता आहे. पत्त्यावर पदवी आधी लिहिली तर पत्र ड च्या गल्लीत जाते. ज्यांनी स्वतःच्या ग्रंथांत संदर्भांची इतकी काळजी घेतली त्यांचा मान त्यांचे पान वाचकाला सापडण्यातच आहे. हा नियम सर्वांना सारखा लावायचा : कीर, खैरमोडे, पवार, सगळेच आडनावाने. एकाला 'डॉ.' आणि दुसऱ्याला काहीच नाही, असा पंक्तिप्रपंच सूचीत नको.

आद्याक्षरांचेही तसेच. मराठी माणसाचे नाव इंग्रजी पुस्तकावर आले की त्याची आद्याक्षरे इंग्रजी होतात आणि तीच परत देवनागरीत येतात. 'भी. रा.' चे 'बी. आर.' होते ते असे. मराठी लेखकाला मराठी आद्याक्षरे द्यायची, पुस्तक इंग्रजी असले तरी. परदेशी नावांना मराठीत एकच रूप नसते. झेलियट की झेलिएट, ऑमवेट की ऑम्वेट? आपण एक ठरवायचे आणि शेवटपर्यंत पाळायचे. संगणकावर लिहिताना एक फसवणूक होते : 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टंकता येते, एकसंध अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे सुटते. नाव एकदा नीट टंकून पुढे तेच चिकटवत जावे.

गावांच्या नावांनाही हेच लागू आहे. आपले माणगाव आज हातकणंगले तालुक्यात आहे, तेव्हा ते कागल जहागिरीत होते. रायगड जिल्ह्यात महाडजवळही एक माणगाव आहे, तालुक्याचे. ज्याने फक्त इंग्रजी पुस्तकातून गाव उचलले आणि महाड सत्याग्रहाचे वाचन ताजे आहे, तो परिषद रायगडात नेऊन ठेवू शकतो. पहिल्या उल्लेखात जिल्हा लिहिला की हा धोका टळतो.

राहिला प्रश्न लिपीचा. इंग्रजी पुस्तकाचे शीर्षक मराठी निबंधात कसे लिहायचे? आमचे मत असे : मजकुरात देवनागरीत, म्हणजे वाचताना अडखळायला होत नाही. सूचीत मात्र शीर्षक रोमनमध्ये, पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापले आहे तसे. कारण ग्रंथालयाच्या संगणकावर इंग्रजी पुस्तकाची नोंद रोमनमध्ये असते, देवनागरी टंकून ते पुस्तक निघत नाही. पण नोंदीची सुरुवात लेखकाच्या देवनागरी आडनावानेच करायची. नाहीतर संगणक क्रम लावताना सगळी रोमन नावे वर आणि देवनागरी खाली टाकतो, आणि एकाच कीरांची पुस्तके यादीच्या दोन टोकांना जातात. सालापुढे 'इं.' अशी खूण केली की कंसातल्या छोट्या उल्लेखातही भाषा कळते. नोंद अशी दिसेल :

```
कीर, धनंजय (१९६६). डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुंबई: पॉप्युलर प्रकाशन.
कीर, धनंजय (१९७१ इं., ति. आ.). Dr. Ambedkar: Life and Mission. Bombay: Popular Prakashan.
```

दोन्ही नोंदींची रचना एकच आहे : लेखक, साल, शीर्षक, गाव, प्रकाशक. इंग्रजी नोंदीला एकही घर जास्त नाही आणि मराठीला एकही कमी नाही. मजकुरात मग 'कीर १९७१ इं.' आणि पान एवढेच पुरते. आमचा आक्षेप ज्या भेदावर होता तो इथे मिटतो.

'तत्रैव' आणि 'उपरोक्त' यांबद्दल एक सावधगिरी. हे शब्द आपल्या जुन्या ग्रंथांतले आहेत, चांगले आहेत. पण निबंध दुरुस्त करताना मधेच नवी तळटीप घुसवली की खालचे 'तत्रैव' गपचूप नव्या पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. खैरमोड्यांचे पान कीरांच्या नावावर जमा होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा कच्च्या खर्ड्यात 'तत्रैव' वापरूच नये, प्रत्येक ठिकाणी आडनाव आणि साल पूर्ण लिहावे. छापायला देताना हवे तर बदलावे.

आता तुम्ही म्हणाल, कार्यकर्त्याला एवढा वेळ कुठे आहे? मोर्चा, शिबिर, जयंती, कोर्टाच्या तारखा, त्यात पृष्ठांक कोण सांभाळणार? वेळ खरोखर लागतो तो निबंध लिहून झाल्यावर संदर्भ शोधायला बसलो तर. पुस्तक हातात असतानाच वहीत टिपणाच्या डोक्यावर पाच गोष्टी लिहिल्या, म्हणजे लेखक, शीर्षक, भाषा, आवृत्ती व साल आणि पान, तर एका टिपणाला एक मिनिटही लागत नाही. शिवाय टिपणात मूळ शब्द आणि आपला सारांश यांना वेगळी खूण हवी. आम्ही मूळ शब्द अवतरणात लिहितो आणि स्वतःचे मराठी असेल तिथे समासात 'भा.' लिहितो. माणगावचे वाक्य बिघडले ते निबंधात बिघडले नव्हते, वहीत बिघडले होते. इंग्रजीवरून मराठी केल्याची खूण वहीत नव्हती, आणि दोन महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच ते महाराजांचे शब्द वाटले.

निबंध झाल्यावर तपासणी एकच करावी. सूची दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावी, ज्याने निबंध वाचलेला नाही अशाच्या. त्याने कोणतेही तीन संदर्भ निवडावे, एक मराठी, एक इंग्रजी आणि एक भाषांतरित, आणि ती पाने उघडून दाखवावी. तिन्ही लागली तर निबंध बाहेर जायला तयार. एक जरी लागले नाही तरी सगळे पुन्हा तपासावे, कारण चूक एकटी नसते.

आमच्या मित्राने तसेच केले. त्याची सूची घेऊन ती प्रश्न विचारणारी मुलगीच ग्रंथालयात गेली. एका 'खंड' शब्दापुढे मालिकेचे नाव नव्हते म्हणून ती तासभर चुकीचा खंड चाळत बसली आणि परत येऊन त्याला चार शब्द सुनावले. महाराजांचे वाक्य आता मराठी वृत्तांतातून घेतलेले आहे, पानासकट. पूर्वीच्या 'तारणहारा'इतके ते टाळीचे नाही. पण माणगावला तो निबंध वाचेल तेव्हा कोणीही उठून "पान दाखवा" म्हणाले, तर त्याला वही चाळावी लागणार नाही.